ड्रायव्हरचा चेंडू उठत का नाही: दोन बोटे टी आणि एक वीत जागा

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' एवढेच सांगितले, तर तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानापाशी आणून सोडतो आणि तिथे क्रिकेट चाललेले असते. ही गंमत मी इथे सांगतो आहे ती विषयाशी तिचा संबंध आहे म्हणून. आपल्याकडे वयाच्या चाळिशीत किंवा साठीत गोल्फ शिकायला येणाऱ्या बहुतेक माणसांच्या हाताला पहिले वळण बॅटचे लागलेले असते, आणि त्या हातांना लहानपणी शिकवलेले असते की ड्राइव्ह मारताना वजन पुढच्या पायावर घ्यावे, डोके चेंडूच्या वर आणावे, हात बॅटच्या पात्याच्या पुढे ठेवावेत आणि चेंडू जमिनीलगत ठेवावा. गोल्फमधल्या ज्या काठीचे नावच ड्रायव्हर आहे, तिच्याबाबत यातली जवळजवळ प्रत्येक सूचना उलटी लागू पडते.

माझ्यासोबत सरावाला येणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. मी त्यांना काका म्हणतो. त्यांचा ड्रायव्हरचा चेंडू कंबरेएवढ्या उंचीवरून सरळ जात असे आणि 120 यार्डांच्या फलकाच्या आसपास जमिनीला लागत असे. "अरे, क्रिकेटमध्ये असा फटका गेला असता तर टाळ्या पडल्या असत्या," असे ते म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते. एप्रिलमध्ये तर त्यांना आपले काही चुकते आहे असे वाटतही नसे, कारण उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर तोच चेंडू आणखी पुष्कळ घरंगळत जाई. जुलैमध्ये जमीन ओली झाली, चेंडू पडेल तिथेच रुतू लागला, आणि मग खरे अंतर उघडे पडले. या लेखात त्यांचाच फटका शेवटपर्यंत उलगडून पाहायचा आहे. सगळी वर्णने उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डावे-उजवे बदलून वाचावे.

आधी फटका कुठे बसतो ते पाहा

'चेंडू खालून जातो' या एका तक्रारीत तीन वेगळे प्रकार लपलेले असतात. पहिल्या प्रकारात काठीची खालची कड चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागाला लागते आणि चेंडू चार पावलांवर जमिनीला आपटून उड्या मारत जातो. याला टॉप करणे म्हणतात. दुसऱ्या प्रकारात काठीचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी तिची पुढची बाजू, आपटण्याच्या क्षणी मिटलेला, म्हणजे डावीकडे वळलेला असतो, त्यामुळे त्याचा तिरकेपणा कमी होऊन चेंडू खालून आणि डावीकडे वळत जातो. तिसऱ्या प्रकारात चेंडू सरळ जातो, आवाज बराच दमदार येतो, पण उड्डाणच बुटके असते. टीची, म्हणजे चेंडू ज्या छोट्या खुंटीवर ठेवतात तिची, उंची आणि चेंडूची जागा यांचा सर्वांत थेट संबंध या तिसऱ्या प्रकाराशी आहे आणि काकांचा फटका याच प्रकारचा होता.

फेसवर चेंडू नेमका कुठे लागतो हे डोळ्यांना दिसत नाही, कारण दोघांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात संपते. त्यासाठी पांढऱ्या फळ्यावर लिहायचा साधा मार्कर पुरतो. चेंडूच्या मागच्या बाजूला, म्हणजे जी बाजू काठीकडे येते तिथे, एक जाड ठिपका काढावा, तो ओला असतानाच चेंडू टीवर ठेवून फटका मारावा आणि मग फेसवर उमटलेला डाग पाहावा. एका फटक्यावरून काही ठरवू नये. पाच-सहा फटक्यांचे डाग पुसण्यापूर्वी मोबाइलवर टिपून ठेवावेत. काकांचे सहापैकी पाच डाग फेसच्या मध्यापासून सुमारे 12 मिलिमीटर खाली, एकमेकांशेजारी उमटले होते. फटके असे एकाच जागी पडत असतील तर ती चांगली बातमी असते, कारण मग दोष स्विंगच्या गोंधळात नसून मांडणीत असण्याची शक्यता जास्त असते.

आता हे 12 मिलिमीटर इतके महत्त्वाचे का, ते पाहू. ड्रायव्हरवर 10.5 अंश असा आकडा कोरलेला असतो. हा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती झुकलेला आहे त्याचे माप. पण ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. वरून खाली तो किंचित फुगीर असतो आणि त्या फुगवट्याची त्रिज्या साधारण 300 मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे कोरलेला आकडा फेसच्या मध्यापुरताच खरा असतो. मध्यापासून 10 मिलिमीटर वर गेले की लॉफ्ट जवळजवळ दोन अंशांनी वाढतो आणि तेवढेच खाली आले की दोन अंशांनी कमी होतो. काका 10.5 अंशांचा ड्रायव्हर विकत घेऊन प्रत्यक्षात आठ अंशांच्या ड्रायव्हरने खेळत होते. शिवाय फेसच्या खालच्या भागात बसलेल्या फटक्याने चेंडूवर बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेची फिरकी, हीही जास्त येते, त्यामुळे बुटके उड्डाण आणि वाया जाणारी ताकद असे दुहेरी नुकसान होते.

टी: सोल जमिनीपासून किती वर असतो

टी किती उंच ठेवावी याचा प्रचलित नियम सोपा आहे. ड्रायव्हर चेंडूमागे जमिनीवर टेकवून ठेवला की अर्धा चेंडू त्याच्या माथ्याच्या, म्हणजे क्राउनच्या, वर दिसला पाहिजे. हा नियम सगळे सांगतात, पण तो का आहे हे क्वचितच कुणी सांगते, आणि कारण न कळल्यामुळे नवखा माणूस चार फटक्यांनंतर भीतीने टी पुन्हा खाली दाबतो.

कारण असे आहे. गोल्फचा चेंडू जवळजवळ 43 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा मध्य तळापासून सुमारे 21 मिलिमीटर वर असतो. आजच्या मोठ्या ड्रायव्हरची फेसजवळची उंची साधारण 58 मिलिमीटर धरली, तर फेसचा मध्य सोलपासून, म्हणजे काठीच्या तळापासून, सुमारे 30 मिलिमीटर वर येतो. काकांची टी जमिनीच्या वर फक्त 20 मिलिमीटर होती, त्यामुळे त्यांच्या चेंडूचा मध्य जमिनीपासून 41 मिलिमीटरवर होता. फेसचा मध्य तिथे आणायचा तर सोल जमिनीपासून केवळ 11 मिलिमीटरवरून न्यावा लागतो, म्हणजे गवत चाटतच. ताशी 80 मैल वेगाने फिरणारी, सव्वा मीटरहून थोडी कमी लांबीची काठी इतकी जमिनीलगत नेण्याचे धैर्य अंगात नसते. हात आपोआप काठी वर उचलतात. काकांचा सोल सुमारे 23 मिलिमीटर वरून जात होता, आणि 23 वजा 11 केले की 12 उरतात. मार्करने दाखवलेले अंतर तेच होते.

आता स्विंगमध्ये काडीचाही बदल न करता फक्त टी 20 ऐवजी 37 मिलिमीटर केली, तर चेंडू 17 मिलिमीटर वर जातो आणि डागही तितकाच वर सरकतो: मध्याच्या 12 मिलिमीटर खालून तो मध्याच्या 5 मिलिमीटर वर येतो. ड्रायव्हरसाठी ही जागा फारच उत्तम, कारण मध्याच्या किंचित वर लागलेला चेंडू जास्त कोनात निघतो आणि त्यावर बॅकस्पिनही कमी येते. 37 हा आकडाही वरच्याच नियमातून निघतो: चेंडूचा मध्य 58 मिलिमीटरवर, म्हणजे क्राउनच्या पातळीला, आणायचा तर 58 मधून 21 वजा करायचे. हाताशी मोजपट्टी नसेल तर तर्जनी आणि मधले बोट जोडून चेंडू आणि जमीन यांच्या मध्ये आडवी धरावीत. बहुतेकांच्या हाताची दोन बोटे 35 ते 40 मिलिमीटर भरतात.

इथे काही व्यावहारिक अडचणी येतात. नियमानुसार टी चार इंचांपेक्षा लांब असून चालत नाही, पण तो प्रश्न सहसा येत नाही. अडचण येते ती फार आखूड टीची. आयर्नसाठी बनवलेल्या आखूड टी घेऊन ड्रायव्हर मारायला आलेले लोक मी पाहिले आहेत. दोन बोटे वर ठेवून उरलेला भाग जमिनीत घट्ट रुतायला हवा, म्हणून 70 मिलिमीटरची किंवा त्याहून थोडी लांब टी घ्यावी आणि 37 मिलिमीटरवर नखांच्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे दर वेळी तेवढीच उंची मिळते. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन इतकी कडक होते की लाकडी टी आत जायच्या आधी मोडते. तेव्हा जुन्या स्क्रूड्रायव्हरने आधी भोक पाडून घ्यावे. पावसाळ्यात उलट होते: मऊ जमिनीत टी आपोआप आणखी खाली जाते, आणि ठेवताना बरोबर असलेली उंची तयारीचे दोन झोके मारून होईपर्यंत कमी झालेली असते.

सरावाच्या चटईवर तर वेगळाच घोळ असतो. तिथली रबरी टी ठरावीक उंचीची असते आणि तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. काकांच्या नेहमीच्या चटईवर ती 25 मिलिमीटरची निघाली. महिनोन्महिने त्याच चटईवर सराव केल्याने त्यांच्या डोळ्यांना तीच उंची योग्य वाटू लागली होती, आणि मैदानावर लाकडी टी लावतानाही ते नकळत तिच्या जवळपासच, किंबहुना थोडी खालीच, लावत. चटईवर जाताना सहा इंची पट्टी खिशात ठेवावी आणि रबरी टी मोजून बदलून मागावी. वेगवेगळ्या उंचीच्या रबरी टी सहसा मिळतात.

नुसती टी वाढवून का भागत नाही

एवढे वाचून कुणी लगेच टी उंच केली, तर काहींचा चेंडू खरोखर सुधारेल, पण काहींचा आभाळात उडून साठ यार्डांवर पडेल आणि नव्याकोऱ्या ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरा ओरखडा उमटेल. कारण काठी वरून खाली येत चेंडूला भेटत असेल, तर उंच टीवर चेंडूच्या खाली रिकामी जागा वाढते आणि काठी त्या जागेत शिरते. काकांचा सोल 23 मिलिमीटरवरून जात होता म्हणून त्यांना नुसत्या टीनेही फायदा झाला असता. पण जो माणूस कुऱ्हाड चालवल्यासारखा वरून घाव घालतो आणि सोल 8 मिलिमीटरवर आणतो, त्याचा फटका फेसच्या मध्यापासून 20 मिलिमीटर वर, म्हणजे जवळजवळ वरच्या कडेवर बसेल. टीची उंची आणि चेंडूची जागा या दोन वेगळ्या सुधारणा नाहीत, ती एकच मांडणी आहे, असे मी म्हणतो ते यासाठी. एक बदलली की दुसरी बदलावीच लागते.

चेंडूच्या जागेचे गणित समजण्यासाठी काठीचे डोके ज्या वाटेने फिरते तिचा विचार करू. ती वाट एक मोठे, तिरके वर्तुळ असते आणि त्याला एक सर्वांत खालचा बिंदू असतो. उजव्या हाताच्या खेळाडूत तो ढोबळमानाने डाव्या खांद्याच्या किंवा काखेच्या खाली कुठेतरी येतो. वजन पुढे झेपावले तर तो पुढे जातो, मागे राहिले तर मागे येतो. चेंडू या बिंदूच्या अलीकडे असेल तर काठी खाली जात असताना त्याला भेटते, आणि पलीकडे असेल तर ती पुन्हा वर चढू लागलेली असते. चेंडूला भेटताना काठी किती अंशांनी खाली किंवा वर जात आहे, याला अटॅक अँगल म्हणतात.

काठीची आणि हाताची मिळून लांबी आणि वर्तुळाचा तिरकेपणा लक्षात घेतला, तर खालच्या बिंदूपासून चेंडू 10 सेंटिमीटर पुढे असला की अटॅक अँगल सुमारे अडीच अंश वर येतो आणि 10 सेंटिमीटर मागे असला की तेवढाच खाली. हे अंदाजी भूमितीचे गणित आहे, कारण प्रत्यक्षात शरीर स्विंगमध्ये हलत असते. तरीही दिशा आणि प्रमाण समजायला ते पुरेसे आहे. काका चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध ठेवत, कारण त्यांना शिकवलेला पहिला फटका सात नंबरच्या आयर्नचा होता आणि त्याची जागा मध्याजवळच असते. तिथे त्यांचा अटॅक अँगल सुमारे तीन अंश खाली होता. तो दोन अंश वर आणायचा म्हणजे पाच अंशांचा फरक, आणि त्यासाठी चेंडू जवळजवळ 20 सेंटिमीटर पुढे न्यावा लागतो. म्हणजे एक वीत. मोकळ्या अंतरात पाय ठेवून उभे राहिल्यावर मध्यापासून डाव्या टाचेच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर जवळपास तेवढेच भरते, आणि ड्रायव्हरचा चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत ठेवावा असे सगळे प्रशिक्षक सांगतात त्यामागचे कारण हेच आहे.

ही जागा नजरेने ठरवू नये. पायाची बोटे बाहेर वळलेली असली की चेंडू कुठे आहे याचा अंदाज हमखास चुकतो. आधी दोन्ही पाय जुळवून चेंडू दोन्ही टाचांच्या मधल्या रेषेत येईल असे उभे राहावे. मग डावा पाय चार बोटांएवढा बाजूला न्यावा आणि उजवा पाय मोठे पाऊल टाकून खांद्यापेक्षा थोडा अधिक रुंद करावा. याने चेंडू आपोआप डाव्या टाचेच्या आत येतो. सुरुवातीला जमिनीवर एक काठी आडवी टाकून, ती टाचेपासून चेंडूकडे जाते आहे ना, हे ताडून पाहिलेले बरे.

चेंडू पुढे गेला की एक नवी चूक डोके वर काढते. उजवा हात चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी पुढे ताणला जातो आणि खांदे लक्ष्याच्या डावीकडे उघडतात. मग काठी बाहेरून आत येते आणि फटका पुन्हा वरून खाली पडतो, म्हणजे एक वीत पुढे नेऊन मिळवलेले बहुतेक सगळे हातचे जाते. यावर उपाय म्हणजे उभे राहताना उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली ठेवणे आणि निम्म्याहून किंचित अधिक वजन उजव्या पायावर असू देणे. शर्टाच्या बटणांची रेघ वरच्या टोकाला किंचित उजवीकडे झुकलेली दिसली पाहिजे आणि डोके चेंडूच्या मागे राहिले पाहिजे. काकांना सर्वांत जड गेले ते हेच, कारण डोके चेंडूच्या वर नेणे ही त्यांची पन्नास वर्षांची सवय होती.

दुसरी चूक याच्या अगदी उलटी असते. 'चेंडू वर गेला पाहिजे' असे मनात धरून माणूस मनगटाने तो उचलायला जातो, जसे तव्यावरची भाकरी उलथन्याने उचलावी. तेव्हा काठीचे डोके हातांच्या पुढे निसटते, खालचा बिंदू चेंडूच्या बराच मागे पडतो आणि काठीची खालची कड चेंडूच्या पोटात किंवा वर लागते. मांडणी बरोबर असूनही चेंडू घरंगळू लागला तर हे कारण आधी तपासावे. वर नेण्याचे काम टी, जागा आणि फेसचा तिरकेपणा करतात. मनगटाकडे ते काम नसते.

कोन किती बदलतो

चेंडू फेस सोडताना जमिनीशी जो कोन करतो त्याला लाँच अँगल म्हणतात. तो दोन गोष्टींवर ठरतो: आपटण्याच्या क्षणी फेस प्रत्यक्षात किती झुकलेला आहे आणि काठी कोणत्या कोनात जात आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत पहिल्या गोष्टीचा वाटा साधारण 85 टक्के आणि दुसरीचा 15 टक्के धरतात. त्या क्षणीच्या झुकावाला डायनॅमिक लॉफ्ट म्हणतात, आणि तो कोरलेल्या आकड्याहून वेगळा असतो, कारण हात पुढे असले की फेसचा झुकाव कमी होतो आणि काठी चढत असताना भेटली की तो वाढतो.

काकांचा आधीचा हिशेब मांडू. कोरलेला लॉफ्ट 10.5, फेसच्या खालच्या भागात फटका बसल्याने सुमारे 2 अंश गेले, क्रिकेटच्या सवयीने हात पुढे असल्याने आणखी 2 अंश गेले, उरले साडेसहा. त्याचे 85 टक्के म्हणजे साडेपाच, आणि उणे तीन अंशांच्या अटॅक अँगलचे 15 टक्के म्हणजे उणे अर्धा. चेंडू पाच अंशांनी निघत होता. नव्या मांडणीत फटका मध्याच्या वर बसल्याने 10.5 मध्ये 1 अंश वाढला आणि काठी चढताना भेटल्याने आणखी 1 अंश, झाले साडेबारा. त्याचे 85 टक्के 10.6, अधिक दोन अंशांचे 15 टक्के म्हणजे 0.3, मिळून जवळजवळ 11 अंश. ड्रायव्हर तोच, ताकद तीच, वेगही तोच.

या हिशेबातली एक बाब मला फार आवडते. बॅकस्पिन मुख्यतः डायनॅमिक लॉफ्ट आणि अटॅक अँगल यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. आधी हा फरक साडेसहा अधिक तीन, म्हणजे साडेनऊ होता. नंतर साडेबारा वजा दोन, म्हणजे साडेदहा झाला. लाँच अँगल दुपटीहून अधिक झाला, पण हा फरक एकाच अंशाने वाढला, आणि फटका फेसच्या वरच्या भागात गेल्याने कमी झालेल्या बॅकस्पिनने तोही बराचसा भरून निघाला. काठीला वर चढत चेंडूला भेटवण्याचा खरा लाभ हा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावरच्या महिला खेळाडूंचा सरासरी वेग पुरुषांपेक्षा बराच कमी, ताशी 94 मैलांच्या आसपास असतो. त्या सरासरी तीन अंश वर जात फटका मारतात आणि त्यांचा चेंडू 13 अंशांच्या आसपास निघून हवेतच सुमारे 220 यार्ड जातो. पुरुष व्यावसायिक सरासरीने किंचित खाली येत मारतात आणि त्यांना ते परवडते, कारण त्यांच्याकडे वेग असतो. दूरचित्रवाणीवर पुरुषांची स्पर्धा पाहून ड्रायव्हर शिकणाऱ्या साठीच्या माणसाने प्रत्यक्षात महिलांची स्पर्धा पाहावी, असे मी काकांना सांगितले आणि त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला.

लाँच अँगल मोजण्याचे यंत्र महाग असते, पण ढोबळ मोजमाप मोबाइलवर होते. चेंडूपासून लक्ष्याच्या दिशेने बरोबर एक मीटरवर, चेंडूच्या रेषेच्या किंचित पलीकडे, एक उभी काठी रोवावी. तिच्यावर चेंडूच्या मध्याच्या उंचीपासून वर दर 5 सेंटिमीटरला रंगीत चिकटपट्टी लावावी. मोबाइल समोरच्या बाजूला तीन-चार मीटरवर, चेंडूच्याच उंचीला, तिरका होऊ न देता ठेवावा आणि सेकंदाला 240 चित्रांच्या मंदगतीने चित्रण करावे. पाच अंशांनी निघालेला चेंडू त्या एका मीटरमध्ये सुमारे 9 सेंटिमीटर चढतो, 11 अंशांनी निघालेला 19 आणि 14 अंशांनी निघालेला 25. अर्ध्या अंशाचा हिशेब या पद्धतीने लागत नाही, पण पाच आणि अकरा यांतला फरक लपून राहत नाही.

काठी खरेच वर चढते आहे का, हे तपासायला तीन चेंडूंची रिकामी खपट्याची पेटी पुरते. ती चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या रेषेत, सुमारे 30 सेंटिमीटरवर आडवी ठेवावी आणि आधी चेंडू न ठेवता, टीच्या टोकावरून काठी जाईल असे संथ स्विंग करावेत. काठी उतरत असेल तर पेटी उडते. चढत असेल तर काठी तिच्या वरून निघून जाते. काकांच्या पहिल्या दिवशी दहापैकी नऊ वेळा पेटी उडाली आणि आजूबाजूच्यांची करमणूक झाली. तिसऱ्या आठवड्यात ती दहापैकी तीनदा उडत होती.

बदल करताना क्रम पाळावा, कारण दोन्ही एकदम केले तर कशाने काय झाले हे कळत नाही. आम्ही आधी चेंडू एक वीत पुढे नेला आणि टी फक्त 30 मिलिमीटर केली, कारण वरून घाव घालण्याची सवय शिल्लक असताना पूर्ण उंची दिली असती तर क्राउनवर ओरखडे आले असते. पेटी उडायची कमी झाल्यावर टी 37 वर नेली. आता डाग कुठे उमटतो यावर पुढचे ठरते. तो मध्याच्या फार वर, कडेकडे जाऊ लागला किंवा क्राउनवर टीचा अथवा चेंडूचा माग दिसला, तर टी 5 मिलिमीटर खाली आणावी. टी उंच असूनही डाग खालीच राहिला, तर चेंडू प्रमाणाबाहेर पुढे गेला आहे किंवा माणूस फटक्यावेळी उभा होतो आहे, असे समजून चेंडू दोन बोटे मागे घ्यावा.

टीची उंची किंवा चेंडूची जागा बदलूनही 11 अंशांवरच थांबायला झाले आणि वेग ताशी 80-85 मैलांचाच असला, तर मात्र काठीकडे वळावे. या वेगाला 13-14 अंशांचा लाँच अँगल अधिक लाभतो, आणि 12 अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरने त्यात सव्वा अंशाची भर पडते. हे आधी करू नये, कारण फेसच्या खालच्या भागात फटका बसत असताना जास्त लॉफ्ट घेतला तर चेंडू थोडा उठतो आणि मूळ दोष तसाच झाकून राहतो. कुणाकडून उसना आणलेला नऊ अंशांचा ड्रायव्हर असेल तर ती गोष्ट वेगळी. तो पहिल्याच दिवशी परत करावा.

काकांचा चेंडू आता 150 च्या फलकापाशी हवेतून उतरतो आणि ओल्या जमिनीवरही ते अंतर तेवढेच राहते. मात्र तो उजवीकडे वळू लागला आहे. खरे तर तो आधीही वळत असणार. पण पूर्वी हवेत इतका थोडा वेळ राहत असे की वळायला त्याला सवडच मिळत नव्हती. फेस आणि काठीची वाट यांच्यातल्या फरकाचा तो प्रश्न आहे आणि सध्या मार्करच्या ठिपक्यांत आम्ही डाग वर-खाली किती यापेक्षा टोकाकडे किती सरकतो तेच पाहत असतो.